विक्रीवर वीस टक्के

बाजारपेठेतले भांड्यांचे दुकान. स्टीलचा माल जास्त, थोडे तांबे-पितळ, कडेला कुकर आणि मिक्सर. माल मुंबईहून, भुलेश्वरकडून येतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेब मी बघते. अण्णांची मागणी एका वाक्याची आहे: "ताई, शंभर रुपये गल्ल्यात आले की त्यातले वीस माझे राहिले पाहिजेत."

मागणी रास्त आहे आणि नेमकीही आहे. त्यांनी टक्का विक्रीवर मागितला, खरेदीवर नाही. दुकानदाराला तेच सोयीचे पडते, कारण रोज संध्याकाळी त्याच्या हातात विक्रीचा आकडा असतो. भाडे, पगार, वीज हे सगळे त्याच आकड्यातून भागवायचे असते. आज वीस हजारांचा गल्ला झाला तर चार हजार आपले, हे लगेच कळते.

अडचण लेबल लावताना होते. अण्णा खरेदीच्या आकड्यात वीस टक्के मिळवतात. शंभराला पडलेल्या डब्यावर एकशेवीसचे लेबल लागते. वीस रुपये सुटले खरे, पण ते एकशेवीसमधून सुटले. शंभरातून किती सुटले? सोळा रुपये सदुसष्ट पैसे.

*

खरेदीवर चढवलेला टक्का म्हणजे मार्कअप. विक्रीतून सुटलेला टक्का म्हणजे मार्जिन. नफ्याचे रुपये दोन्हीकडे तेच असतात, फक्त ते कशाशी मोजायचे हे बदलते. विक्रीचा आकडा खरेदीपेक्षा मोठा असल्यामुळे मार्जिनचा टक्का नेहमी मार्कअपपेक्षा लहान निघतो. हे एवढे अण्णांना पहिल्या बैठकीतच पटले. पण पटणे वेगळे आणि लेबल लावताना हात बरोबर चालणे वेगळे.

*

अण्णांचा पहिला प्रश्न: "मग वीसऐवजी किती चढवायचे?"

उत्तर पंचवीस. ते पाठ करायला सांगण्याआधी मी वहीत एक आडवी पट्टी काढली आणि तिचे पाच समान भाग केले. ही विक्रीची किंमत. तुम्हाला पाचातला एक भाग हवा, म्हणजे उरलेले चार भाग मालाचे. माल शंभरला पडला असेल तर चार भाग म्हणजे शंभर, एक भाग पंचवीस, पाच भाग सव्वाशे. तुमचा एक भाग मालाच्या चार भागांशी मोजला तर चारात एक येतो, म्हणजे पंचवीस टक्के. सगळ्या विक्रीशी मोजला तर पाचात एक, म्हणजे वीस टक्के.

ही रीत इतर टक्क्यांनाही लागते. विक्रीत चारात एक हवा असेल तर खरेदीवर तिनात एक चढवायचा. विक्रीत तिनात एक हवा असेल तर खरेदीवर दोनात एक, म्हणजे दीडपट. विक्रीत निम्मा हवा असेल तर खरेदीइतकाच वर, म्हणजे दुप्पट. भाग नीट पडत नसतील तेव्हा भागाकार करावा: शंभरातून हवा तो टक्का वजा करायचा आणि उरलेल्या टक्क्याने खरेदीला भागायचे. तीस हवे असतील तर सत्तर टक्क्यांनी, म्हणजे ०.७० ने. शंभर भागिले ०.७० म्हणजे १४२ रुपये ८६ पैसे.

जुन्या शाळेत सवायकी-दिडकी पाठ केलेल्या माणसाला हे फार लवकर जमते. अण्णांनी टक्के सोडूनच दिले. "म्हणजे सव्वापट लावायची," म्हणाले, आणि चारशेचे पाचशे, सहाशेचे साडेसातशे तोंडी करू लागले. नोकरांना मात्र कॅल्क्युलेटरवर ०.८० ने भागायला शिकवले, कारण उद्या टक्का बदलला तर सव्वापट उपयोगी पडणार नाही.

*

पारख अगदी सोपी आहे. लेबलावरच्या किमतीतून वीस टक्के वजा करा. खरेदी परत मिळाली तर लेबल बरोबर. १२५ मधून वीस टक्के काढले की १०० येतात. १२० मधून काढले की ९६ येतात, म्हणजे चार रुपये कमी पडले. रॅकवरचा कोणताही नग उचलून ही परीक्षा उभ्या उभ्या घेता येते.

*

कॅल्क्युलेटरचा घोळ. एकाच दुकानात दोन यंत्रे दोन उत्तरे देऊ शकतात. १०० + २० % असे दाबले की फोनवर बहुधा १२० येतात. काही टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर १२५ येतात, कारण त्यांच्यात ही कळ विक्रीवरचा नफा धरून किंमत काढते. काहींवर त्यासाठी MU अशी वेगळी कळ असते. दुकानात नवे यंत्र आले की आधी १०० आणि २० घालून पाहायचे आणि ते कशावर टक्के धरते हे पाठीमागे चिकटपट्टीवर लिहून ठेवायचे. टक्क्याची कळ न वापरता सरळ भागाकार केला तर कोणत्याही यंत्रावर उत्तर एकच येते.

संगणकावर यादी करणाऱ्या अण्णांच्या मुलाने पहिली ओळ भरली होती, तिच्या जागी मी दुसरी घातली. B2 मध्ये खरेदी आहे.

```
=B2*(1+20%)
=B2/(1-20%)
```

*

सव्वाशे आणि एकशेवीसमधला फरक ऐकायला पाच रुपयांचा. अण्णाही म्हणाले, "पाचाने काय होतंय?" म्हणून महिन्याचा हिशेब मांडला.

घरात पाच लाखांना पडलेला माल महिन्याला विकला जातो. वीस टक्के चढवून विक्री सहा लाख, नफा एक लाख. भाडे २४,०००, नोकरांचे पगार ३४,०००, वीज, फोन, पिशव्या, चहापाणी मिळून १४,०००. एकूण खर्च ७२,०००, म्हणजे विक्रीच्या बारा टक्के. विसातून बारा गेले की आठ टक्के घरी न्यायचे, सहा लाखांवर ४८,०००, अशी अण्णांची धारणा. प्रत्यक्षात लाखातून ७२,००० गेले की २८,००० उरतात.

इथे मी मुद्दाम थांबले. टक्क्यांत साडेतीनहून कमी वाटणारी चूक घरच्या पैशात वीस हजारांची आहे, ४८,००० तल्या चाळीस टक्क्यांहून जास्त. भाडे आणि पगार चुकले नाहीत, ते ठरल्याप्रमाणे गेलेच. चुकीचा सगळा भार शेवटच्या वाटेकऱ्यावर पडला आणि तो वाटेकरी म्हणजे मालक. कित्येक दुकानांत विक्री चांगली, उधारी फारशी नाही, चोरी नाही, तरी घरात पैसा दिसत नाही, याचे एक कारण इथे सापडते. दोष नोकरावर किंवा नशिबावर ढकलण्याआधी लेबल तपासावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तोच माल सव्वापटीने विकला तर विक्री सव्वासहा लाख आणि नफा सव्वा लाख. खर्च तोच राहिला तर घरी ५३,००० येतात. अर्थात गिऱ्हाईक टिकले तर.

*

टक्का चढवायचा तो कशावर? बिलावरच्या भावावर नाही, माल दुकानात येऊन जेवढ्याला पडला त्या भावावर. घाईत आलेल्या मालाला अण्णा बिलाचा भावच धरतात, हे एका परातीवरून लक्षात आले.

परात बिलात चारशेची. त्यावर पाच टक्के जीएसटी, वीस रुपये. अण्णा कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणून खरेदीवर भरलेला जीएसटी त्यांना परत वळता करून मिळत नाही. तो मालाच्या किमतीतच धरायचा. त्या खेपेला २४,००० च्या मालावर वाहतूक आणि हमाली मिळून ७२० रुपये झाले होते, म्हणजे शंभराला तीन. परातीच्या वाट्याला बारा. परात पडली ४३२ ला.

दुसरी गोष्ट: कंपोझिशनमधला व्यापारी विक्रीवर एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही. वरच्या महिन्याच्या हिशेबात तो धरला नव्हता. कर विक्रीवर मोजला जातो, म्हणून तो खरेदीत मिळवून चालत नाही. विक्रीच्या शंभर भागांत वीस आपले, एक सरकारचा, उरले एकोणऐंशी मालाचे. ४३२ भागिले ०.७९ म्हणजे ५४६ रुपये ८४ पैसे. लेबल ५५० चे.

उलट तपासून पाहू. ५५० मधून साडेपाच रुपये कर, ४३२ माल, उरले ११२ रुपये ५० पैसे. विक्रीच्या साडेवीस टक्क्यांच्या जवळ. बरोबर.

आणि अण्णांनी लावलेले लेबल? चारशेवर वीस टक्के, ४८०. त्यातून कर ४ रुपये ८० पैसे, माल ४३२, उरले ४३ रुपये २० पैसे. विक्रीच्या नऊ टक्के. दुकानाचा खर्चच बारा टक्के आहे, म्हणजे ही परात विकली की घरी काही येत नाही, वर खर्चातही तीन टक्के तूट पडते. अण्णा बराच वेळ त्या परातीकडे बघत राहिले. मग त्या खेपेतला सगळा माल पुन्हा लेबल करायला काढला.

*

वाहतुकीबद्दल आणखी थोडे. शंभराला तीन हा हिशेब किमतीवर वाटला आहे. ताटवाट्यांना तो चालतो. पण पिंपे आणि मोठे डबे जागा खातात, वाहतूकदार जागेचे पैसे घेतो. स्वस्त पण अवजड नगावर किमतीच्या प्रमाणात भाडे टाकले तर त्याचा पडता भाव खोटा कमी दिसतो आणि वाट्या-चमच्यांचा खोटा जास्त. पिंपांची खेप वेगळी आली तर तिचे भाडे तिच्यावरच टाकावे. एकत्र आली तर बोजे मोजून भाडे आधी बोज्यांत वाटावे, मग नगांत.

*

घासाघीस. भांड्याच्या दुकानात लेबलाचा भाव आणि शेवटचा भाव वेगळे असतात. लग्नाचा बस्ता असेल तर दहा टक्के सोडावेच लागतात. अण्णांचा तोंडी हिशेब असा, की वीस होते, दहा सोडले, दहा राहिले. म्हणजे नफा निम्मा झाला.

परातीवर पाहू. ५५० मधून दहा टक्के सोडले, ४९५ आले. कर ४ रुपये ९५ पैसे, माल ४३२, उरले ५८ रुपये ५ पैसे. टक्का पावणेबाराच्या आसपास. टक्का दहाहून थोडा वर राहिला हे दिसायला बरे. पण एकशेसाडेबारा रुपयांचे अठ्ठावन्न झाले, आणि दुकानाचा बारा टक्के खर्चही निघाला नाही.

दहा सोडायचे हे आधीच माहीत असेल तर लेबल तसे लावावे. आणि इथेही मिळवायचे नाही, भागायचे. हातात ५५० यायला हवेत तर ५५० भागिले ०.९०, म्हणजे ६११. दहा टक्के मिळवून ६०५ लावले तर दहा टक्के सोडल्यावर साडेपाचशेऐवजी ५४४ रुपये ५० पैसेच हाती येतात.

लेबलाच्या कोपऱ्यात खुणेच्या अक्षरांत खरेदी लिहायची जुनी पद्धत अण्णांकडे अजून आहे. मी त्यात एवढाच बदल सुचवला, की खरेदीऐवजी शेवटचा भाव खुणेत लिहावा. गल्ल्यावरच्या पोराने किती खाली यायचे हे त्याला खरेदीवरून तोंडी काढायला लावू नये. नेमकी त्याच घाईत चूक होते.

*

प्रत्येक नगावर वीस टक्के, या हट्टाला मी होकार दिला नाही.

कुकर-मिक्सरवर एमआरपी छापलेली असते आणि तिच्या वर विकता येत नाही. समजा, त्या मालावर विक्रीत बाराच टक्के सुटतात आणि सहा लाखांच्या विक्रीतले दोन लाख त्याचे आहेत. तिथून २४,००० आले. एकूण वीस टक्के म्हणजे १,२०,००० हवेत, तर उरलेल्या चार लाखांच्या मालातून ९६,००० यायला हवेत. ते चोवीस टक्के झाले. म्हणजे सुट्या मालाला ०.८० ने नाही, ०.७६ ने भागावे लागेल आणि कंपोझिशनचा एक टक्का धरला तर ०.७५ ने. खरेदीवर पाहिले तर हे तिनात एक चढवणे झाले.

अण्णांनी बारा आणि चोवीसची सरासरी काढली, अठरा. दोन्ही मालांची विक्री सारखी असती तरच ती बरोबर ठरली असती. टक्क्यांची सरासरी काढू नये. रुपये मिळवावेत आणि मग एकूण विक्रीने भागावे.

चोवीस टक्के सगळ्या सुट्या मालाला सारखे लावणेही मला मान्य नाही. रोजच्या वापरातल्या ताट-वाटी-पेल्याचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात, चार दुकाने विचारून ते आलेले असते. तिथे कमी ठेवावे. पितळी समई वर्षभर रॅकवर बसते, तिच्यात पैसा अडकतो आणि दर महिन्याला पुसावीही लागते. तिच्यावर जास्त घ्यावे. वीस टक्के हे दुकानाचे धोरण म्हणून धरावे, एकेका नगाचा नियम म्हणून नाही.

*

शेजारचे औषधवाले म्हणाले, "आमचं बरं, सरकारनंच सोळा टक्के ठरवून दिलेत." ते किंमत बांधून दिलेल्या औषधांबद्दल बोलत होते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के आहेत, पण ते त्याला माल ज्या किमतीला मिळतो त्या किमतीवर. शंभरवर सोळा म्हणजे कर सोडून ११६ ला विक्री, आणि ११६ मधले सोळा म्हणजे विक्रीवर १३.८ टक्के. दुकानाचा खर्च विक्रीशी ताडायचा तर १३.८ धरावे, सोळा नव्हे.

कंपनीचा माणूस "एवढे टक्के सुटतात" असे सांगतो तेव्हा एकच प्रश्न विचारावा: कशावर? पंचवीस टक्के सांगितले आणि ते खरेदीवर असतील तर विक्रीवर वीसच आहेत. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्ही आकडे आधी विक्रीवर आणून घ्यावेत.

*

मार्चअखेरची मोजदाद. माल मोजणारा पोरगा लेबल बघून बेरीज करतो, मग एकूण बेरजेतून वीस टक्के वजा करून खरेदीची किंमत काढतो. सव्वापटीची लेबले असतील तर हे बरोबर येते. जुन्या लेबलांवर येत नाही. दहा लाखांच्या मालावर जुनी लेबले बारा लाखांची असतात. त्यातून वीस टक्के गेले की नऊ लाख साठ हजार. चाळीस हजारांचा माल कागदावरून नाहीसा झाला, आणि वर्षाचा नफाही तेवढ्याने कमी दिसला. पुढच्या वर्षी आरंभीचा साठा कमी धरलेला असल्यामुळे नफा तेवढाच फुगतो. एका वर्षी टक्का खाली, पुढच्या वर्षी वर, आणि दुकानात तर काहीच बदललेले नाही, असे दिसले की मी आधी साठ्याची वही मागते.

जुन्या लेबलांना १.२ ने भागायचे. नव्या लेबलांना, कराचा एक टक्का धरून लावलेली असतील तर, ०.७९ ने गुणायचे. दोन्ही प्रकार रॅकवर मिसळलेले असेपर्यंत नव्या लेबलाला वेगळा रंग द्यायचा, असे ठरले. पिवळी जुनी, पांढरी नवी.

*

अण्णांचा शेवटचा प्रश्न: कंपोझिशन सोडले तर?

मग परातीचा हिशेब बदलतो. खरेदीवरचे वीस रुपये वळते होतात, म्हणून परात ४१२ ला पडते. विक्रीवरचा एक टक्का जातो, म्हणून पुन्हा ०.८० ने भागायचे. ५१५ आले. त्यावर पाच टक्के जीएसटी गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, एकूण ५४० रुपये ७५ पैसे. हे पंचवीस रुपये पंच्याहत्तर पैसे आपले नाहीत, म्हणून वीस टक्के ५१५ वर मोजायचे, ५४१ वर नाही. गल्ल्यातली सगळी रक्कम विक्री समजायची सवय मोडावी लागेल.

गिऱ्हाइकाला परात कंपोझिशनमध्ये ५४७ ला आणि बाहेर ५४१ ला पडते, अण्णांना दोन्हीकडे वीस टक्केच. सहा रुपयांच्या फरकासाठी कराचे तपशीलवार विवरण आणि विक्रीचे कराचे बिल करावे लागेल. हॉटेलवाले आणि केटरिंगवाले मोठी भांडी घेतात, त्यांतल्या काहींना कर वळता करून घेता येतो आणि त्यांना कराचे बिल लागते. अशी गिऱ्हाइके किती आहेत, ते अण्णा दिवाळीपर्यंत वहीत टिपून ठेवणार आहेत. तोवर भागाकार ०.७९ नेच.